बूट दोनशे चाळीस, लेन सात, स्लाइड एक

बिल थकलेल्या पुरवठादाराने कारखान्यात फोन केला की त्याचा प्रवास साधारण ठरलेला असतो. अकाउंट्समधून सांगतात, ‘जीआरएन आलेला नाही, स्टोअर्सला विचारा.’ स्टोअर्सवाले म्हणतात, ‘क्वालिटीचा शेरा बाकी आहे.’ क्वालिटीतला माणूस सांगतो, ‘आम्ही चाळीस नग नाकारलेत, परचेसला कळवलंय.’ आणि परचेसमधले साहेब म्हणतात, ‘आमच्याकडून पीओ कधीच गेली, पैशांचं अकाउंट्सला विचारा.’ यातला कुणीच खोटं बोलत नाही. प्रत्येकाला आपल्या टेबलावरचा कागद दिसतो. तो कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना मधल्या वाटेवर कुणाचा असतो, हे मात्र कुणालाच दिसत नाही.

ती मधली वाट कागदावर उतरवण्याच्या पद्धतीला स्विमलेन डायग्राम म्हणतात. स्लाइडवर आडवे पट्टे आखायचे. एक पट्टा म्हणजे एक विभाग. जे काम जो विभाग करतो, त्याचा चौकोन त्या विभागाच्या पट्ट्यात बसवायचा आणि डावीकडून उजवीकडे, काम ज्या क्रमाने घडतं त्या क्रमाने, चौकोन बाणांनी जोडत जायचे. बाण एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात शिरला की काम एका विभागाने दुसऱ्याच्या हाती दिलं, असा त्याचा अर्थ.

कामाच्या पायऱ्या चिन्हांनी मांडण्याची रीत तशी जुनी आहे. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दाम्पत्याने १९२१ मध्ये अमेरिकेतल्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे ‘प्रोसेस चार्ट’ मांडले. विभागवार पट्ट्यांची मांडणी व्यवस्थापनाच्या जगात रुळली ती मुख्यतः गीअरी रमलर आणि अॅलन ब्राश यांच्या १९९० मधल्या पुस्तकामुळे. संस्थेच्या तक्त्यात विभागांच्या चौकटी ठळक असतात, पण काम बिघडतं ते दोन चौकटींमधल्या कोऱ्या जागेत, हा त्या पुस्तकाचा गाभा. खरेदीच्या कामाला हे जितकं लागू पडतं तितकं क्वचितच दुसऱ्या कशाला पडत असेल, कारण साध्या खरेदीलाही पाच-सहा विभागांचे हात लागतात.

उदाहरणादाखल चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्यातला एक मध्यम आकाराचा कारखाना डोळ्यांपुढे आणू. कामगारांसाठी सेफ्टी शूजचे २४० जोड घ्यायचे आहेत. दर ८५० रुपये, म्हणजे कर सोडून २,०४,००० रुपयांची खरेदी. बूट बनवणारा पुरवठादार लघुउद्योजक आहे आणि त्याची उद्यम नोंदणी आहे. सोमवारच्या आढावा बैठकीत प्लांट हेडला एकच स्लाइड दाखवायची आहे: या खरेदीत कोणती पायरी कोणाची?

स्लाइड करायला बसणारा माणूस बहुतेक वेळा थेट संगणक उघडतो किंवा कंपनीची खरेदी-कार्यपद्धती हुडकून काढतो. दोन्हींमुळे चित्र चुकतं. कार्यपद्धतीच्या पुस्तिकेत काम कसं व्हायला हवं ते असतं आणि बैठकीला ते कसं होतं ते हवं असतं. त्यापेक्षा नुकत्याच बंद झालेल्या चार-पाच खरेद्यांच्या फायली काढाव्यात. त्यात एक अगदी सुरळीत पार पडलेली असावी, एक रखडलेली आणि एक माल नाकारलेली. प्रत्येक फाइलमधल्या तारखा एका कागदावर उतरवाव्यात: इंडेंटची, पीओची, गेट रजिस्टरमधली, क्वालिटीच्या शेऱ्याची, जीआरएनची, अकाउंट्सच्या आवक शिक्क्याची आणि पैसे गेल्याची. मग त्या कागदांवर ज्यांच्या सह्या आहेत त्यांच्याकडे जावं. खातेप्रमुखाकडे नव्हे, कागद हाताळणाऱ्याकडे. त्याला दोनच गोष्टी विचारायच्या: ‘हे तुमच्याकडे कुणाकडून येतं?’ आणि ‘तुम्ही कुणाकडे देता?’ स्टोअर्समधला माणूस ‘आम्ही अकाउंट्सला देतो’ म्हणाला आणि अकाउंट्समधला ‘आम्हाला परचेसकडून येतं’ म्हणाला, तर कोरी जागा सापडली म्हणून समजावं.

बुटांच्या खरेदीची अशी चौकशी केल्यावर चौदा पायऱ्या हाती लागतात. सुरक्षा विभाग इंडेंट भरतो. स्टोअर्स शिल्लक तपासतं. साठा असेल तर तिथेच काम संपलं, नसेल तर इंडेंट अकाउंट्सकडे जातं आणि बजेट तपासलं जातं. परचेस कोटेशन मागवतं, पुरवठादार ती पाठवतात. परचेस तुलनात्मक तक्ता करून पीओचा मसुदा बनवतं, प्लांट हेड मंजुरी देतो, परचेस पीओ पाठवतं. पुरवठादार चलन आणि बिलासह माल पाठवतो. स्टोअर्स तो उतरवून मोजून घेतं, क्वालिटी तपासणी करते, स्टोअर्स जीआरएन करतं. शेवटी अकाउंट्स पीओ, जीआरएन आणि बिल हे तिन्ही कागद एकमेकांशी जुळवतं आणि पैसे देतं. पंधरावा चौकोन माल नाकारला गेल्याचा. त्याच्याकडे पुढे सावकाश यायचं आहे, कारण या स्लाइडवरचा सर्वांत महाग चौकोन तोच आहे.

आता हे पंधरा चौकोन एका स्लाइडवर कसे बसवायचे? इथे अंदाजाने काम केलं की शेवटी अक्षर आठ पॉइंटचं होतं आणि मागच्या खुर्चीवरच्याला काही वाचता येत नाही. म्हणून आधी फूटपट्टी. पॉवरपॉइंटची हल्लीची रुंद स्लाइड ३३.८७ सेंटिमीटर लांब आणि १९.०५ सेंटिमीटर उंच असते. वर शीर्षकाला सव्वादोन सेंटिमीटर आणि खाली तारीख व खुणांचा अर्थ यांना साधारण सव्वा सेंटिमीटर सोडलं की पट्ट्यांसाठी साडेपंधरा सेंटिमीटर उरतात. सात पट्टे हवे आहेत: पुरवठादार, परचेस, प्लांट हेड, अकाउंट्स, स्टोअर्स, क्वालिटी आणि माल मागणारा विभाग. सगळे पट्टे सारख्या उंचीचे हवेत असा काही नियम नाही. प्लांट हेड आणि मागणारा विभाग यांच्याकडे एकेकच चौकोन असल्याने त्यांना १.८ सेंटिमीटर पुरतात, बाकी पाच पट्ट्यांना २.४. बेरीज १५.६.

प्लांट हेडचा पट्टा गाळून त्याची मंजुरी परचेसच्या पट्ट्यात घालायचा मोह अनेकांना होतो. जागा वाचते हे खरं, पण मग चित्र असं सांगतं की परचेस स्वतःच ऑर्डर तयार करतं आणि स्वतःच ती मंजूर करतं. ऑडिटर नेमकं हेच पाहत असतो. ऑर्डर देणारा, माल ताब्यात घेणारा आणि पैसे देणारा हे तीन वेगवेगळे पट्टे असले पाहिजेत. चौकोन चुकीच्या पट्ट्यात पडला, तर प्रत्यक्षात नसलेला दोष चित्रात दिसतो किंवा असलेला झाकला जातो. नियम सोपा आहे: चौकोन त्याच्या पट्ट्यात, ज्याचा हात ते काम करतो. एकच चौकोन दोन पट्ट्यांवर ताणून ‘दोघं मिळून करतात’ असं दाखवू नये. दोघं मिळून करतात म्हणजे बहुधा एकजण करतो आणि दुसरा सही करतो. ते दोन चौकोन आहेत.

आडव्या दिशेचा हिशेब असा: डावीकडे पट्ट्यांच्या नावांना ३.६ सेंटिमीटर आणि दोन्ही कडांना थोडा समास सोडला की २८.८ सेंटिमीटर राहतात. ३.२ सेंटिमीटरचा एक याप्रमाणे त्यात नऊ उभे रकाने बसतात. रकान्यात अडीच सेंटिमीटरचा चौकोन आणि बाणासाठी ०.७ सेंटिमीटर जागा. रकाने नऊ आणि चौकोन पंधरा, हे गणित वरवर पाहता जुळत नाही. पण पट्ट्यांच्या चित्रात एक सवलत असते. बाण सरळ वर किंवा खाली जात असेल, तर पुढचा चौकोन त्याच रकान्यात दुसऱ्या पट्ट्यात बसवता येतो. परचेसने कोटेशन मागवलं आणि पुरवठादाराने पाठवलं, हे दोन्ही एकाच रकान्यात, एक खाली, एक वर. पीओचा मसुदा आणि त्याखाली प्लांट हेडची मंजुरी, हेही एकाच रकान्यात. माल मोजून घेणं आणि त्याखाली तपासणी, तसंच. अशा जोड्या लावत गेलं की मुख्य वाट आठ रकान्यांत संपते आणि नववा रकाना नाकारलेल्या मालासाठी मोकळा राहतो.

अडीच सेंटिमीटरच्या चौकोनात देवनागरी मजकूर बसवायचा तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. पॉवरपॉइंट चौकोनाच्या आत डावीकडे आणि उजवीकडे पाव-पाव सेंटिमीटर समास आपणहून सोडतं. तो ०.१ वर आणला की १२ पॉइंटच्या अक्षरात एका ओळीत सहा-सात अक्षरं मावतात. वेलांट्या, मात्रा आणि उकार यांमुळे देवनागरीच्या ओळीला रोमन लिपीपेक्षा जास्त उंची लागते. म्हणून दोन ओळींसाठी चौकोन १.४ सेंटिमीटर उंच ठेवावा. म्हणजे प्रत्येक चौकोनात दोन शब्द, फार तर तीन, आणि त्यात एक क्रियापद हवंच. नुसतं ‘इंडेंट’ लिहिलं तर ते भरायचं, तपासायचं की फाइलला लावायचं, कळत नाही. ‘इंडेंट भरतो’ म्हटलं की प्रश्न मिटतो. ‘पाठपुरावा करतो’ असा चौकोन कुणी सुचवला तर तो घेऊ नये. पाठपुरावा ही पायरी नव्हे. आधीच्या पायरीवरचा कागद हलत नाही, याची ती कबुली असते.

निर्णयाच्या जागी शंकरपाळी काढायची प्रथा आहे. तिच्यात मजकूर कोंबायला गेलं की निम्मी जागा टोकांमध्ये वाया जाते. बीपीएमएन ही प्रक्रिया-चित्रांची प्रमाण चिन्हभाषा आहे. तिची दुसरी आवृत्ती २०११ मध्ये आली आणि २०१३ मध्ये ती आयएसओ मानक झाली. तिची रीत इथे उपयोगी पडते: तपासणीचं काम चौकोनात लिहायचं, त्याला लागून छोटी शंकरपाळी काढायची, प्रश्न तिच्या शेजारी लिहायचा आणि बाहेर पडणाऱ्या दोन रेषांवर ‘हो’ आणि ‘नाही’. बुटांच्या चित्रात असे दोनच निर्णय आहेत: ‘साठा आहे?’ आणि ‘माल पास?’ याच भाषेत बाहेरच्या पक्षाला, म्हणजे पुरवठादाराला, स्वतंत्र चौकट देतात आणि त्याच्याशी होणारी देवाणघेवाण तुटक बाणाने दाखवतात. बैठकीच्या स्लाइडला एवढं सोवळं पाळायची गरज नाही. पुरवठादाराच्या पट्ट्याला फिकट राखाडी रंग दिला की तो आपल्या हुकमतीबाहेरचा आहे हे कळतं.

पट्ट्यांचा वरून खाली क्रम कोणता लावायचा, यावर चित्र सुटसुटीत होणार की जाळं होणार ते ठरतं. बहुतेक जण मानपानाप्रमाणे लावतात, सगळ्यांत वर प्लांट हेड. मग परचेसकडून येणारी प्रत्येक रेषा मधले पट्टे ओलांडत वर चढते आणि तशीच उतरते. त्याऐवजी कोण कुणाला किती वेळा काम देतं ते मोजावं. पुरवठादार आणि परचेस यांच्यात मुख्य वाटेवरच तीनदा देवघेव होते, परचेस आणि प्लांट हेड यांच्यात दोनदा, अकाउंट्स आणि स्टोअर्स यांच्यात दोनदा, स्टोअर्स आणि क्वालिटी यांच्यात दोनदा. ज्यांची देवघेव जास्त, ते शेजारी. या हिशेबाने वरून पुरवठादार, परचेस, प्लांट हेड, अकाउंट्स, स्टोअर्स, क्वालिटी आणि तळाशी सुरक्षा विभाग असा क्रम लागतो. असं बसवलं तर बुटांच्या चित्रात एकही रेषा दुसऱ्या रेषेला छेदत नाही. मालाची रेषा पुरवठादाराकडून स्टोअर्सपर्यंत तीन पट्टे ओलांडून उतरते खरी, पण सहाव्या रकान्यात त्या तिन्ही पट्ट्यांत चौकोनच नसल्याने ती मोकळ्या जागेतून जाते.

रेषा काढताना कोपऱ्यात काटकोनात वळणारा कनेक्टर वापरावा, साधी रेघ नको. कनेक्टरचं टोक चौकोनाच्या कडेवरच्या ठिपक्याला नीट चिकटलं की ते हिरवं दिसतं आणि मग चौकोन सरकवला तर रेषाही त्याच्याबरोबर सरकते. न चिकटलेलं टोक पांढरं राहतं. ही खात्री आधीच केलेली बरी. आयत्या वेळी एखादा चौकोन हलवला आणि बाण हवेत लोंबकळत राहिला, तर बैठकीची पहिली पाच मिनिटं त्यातच जातात. चौकोन ओळीत आणण्यासाठी नजरेवर भरवसा न ठेवता `Align` मधलं `Align Middle` आणि `Distribute Horizontally` वापरावं. प्रत्येक पट्ट्याला वेगळा रंग देणं टाळावं. रंग एकच ठेवावा आणि तो जिथे काम अडतं तिथेच वापरावा. स्लाइड काळ्या-पांढऱ्या प्रिंटवरही कळली पाहिजे, कारण शॉप फ्लोअरच्या फळ्यावर ती तशीच लागणार असते.

चित्र पुरं झालं की बाण मोजावेत. मुख्य वाटेवर चौदा चौकोन, म्हणजे तेरा बाण. त्यांतले बारा बाण पट्टा ओलांडतात. फक्त शेवटचा, अकाउंट्समध्ये कागद जुळवण्यापासून पैसे देण्यापर्यंतचा, एकाच पट्ट्यात राहतो. बारा वेळा काम हातातून हातात जातं, म्हणजे बारा ट्रे, बारा इनबॉक्स आणि ‘उद्या बघू’ म्हणायच्या बारा जागा. आता फायलींमधून उतरवलेल्या तारखा त्या बाणांवर लिहायच्या. समजा, तपासणीला प्रत्यक्षात दोन तास लागले. पण माल ३ जूनला उतरला आणि क्वालिटीचा शेरा १४ जूनला पडला. जीआरएन १७ जूनला झाला. ड्रायव्हरने चलनाबरोबर दिलेलं बिल स्टोअर्समध्येच फाइलला लागून राहिलं आणि अकाउंट्सचा आवक शिक्का त्यावर २६ जूनला बसला. एकूण तेवीस दिवस गेले, पण प्रत्यक्ष कामाचे तास मोजले तर दिवसभराचेही भरत नाहीत. वेळ चौकोनांत जात नाही, बाणांत जातो.

हे तेवीस दिवस केवळ गैरसोयीचे नाहीत, त्यांना कायद्याचा काटा आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे कराराने ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि ती मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी करार नसेल तर पंधराच दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. ‘स्वीकारल्यापासून’ म्हणजे कधीपासून, हा इथला कळीचा प्रश्न आहे. कायदा त्यासाठी माल प्रत्यक्ष पोचल्याचा दिवस धरतो. जीआरएनचा दिवस नव्हे आणि अकाउंट्सच्या शिक्क्याचा तर नव्हेच.

बुटांच्या खरेदीत करार ४५ दिवसांचा आहे असं धरू. ३ जूनपासून मोजलं तर मुदत १८ जुलैला संपते. अकाउंट्समधला कारकून मात्र आपल्या टेबलावर बिल आल्यापासून, म्हणजे २६ जूनपासून मोजतो. संगणकातही तीच तारीख भरलेली असते. त्याच्या हिशेबाने मुदत १० ऑगस्टला संपते. तो ८ ऑगस्टला, दोन दिवस आधी, समाधानाने पैसे सोडतो आणि तोवर कारखान्याला एकवीस दिवसांचा उशीर झालेला असतो. म्हणून स्लाइडवर घड्याळाची खूण काढायची ती स्टोअर्सच्या ‘माल मोजून घेतं’ या चौकोनावर. घड्याळ एका पट्ट्यात सुरू होतं आणि त्याचा जाब दुसऱ्या पट्ट्याला द्यावा लागतो, ही गोष्ट वीस पानी कार्यपद्धतीत वाचून लक्षात येत नाही. स्लाइडवर दोन चौकोनांमधलं अंतर बोट ठेवून दाखवता येतं.

आता पंधरावा चौकोन. सेफ्टी शूजसाठी आयएस १५२९८ हे भारतीय मानक आहे. बुटाच्या टोकातली टोपी २०० जूलचा आघात सोसणारी हवी, ही त्यातली ठळक अट. समजा, क्वालिटीने पाहिलं तर चाळीस जोडांवर आयएसआयची खूणच नव्हती. ते नाकारले. पहिल्या मसुद्यात क्वालिटीच्या पट्ट्यातून एक ‘नाही’ रेषा निघून स्लाइडच्या कडेला ‘माल परत’ अशा गोळ्यात संपते. ते ‘परत’ कोण करतं? क्वालिटीचा निरीक्षक परचेसला फोन करतो, परचेसचा माणूस पुरवठादाराला फोन करतो, आणि चाळीस जोड स्टोअर्सच्या कोपऱ्यात पडून राहतात. कागद कुठेच नाही.

कायद्यात या जागी पंधरा दिवस दिले आहेत. माल पोचल्यापासून पंधरा दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली तर पुरवठादार ती हरकत दूर करील तो दिवस स्वीकृतीचा दिवस धरला जातो. लेखी हरकतच नसेल तर माल पोचला त्या दिवशीच स्वीकारला असं मानलं जातं. ३ जूनला आलेल्या मालासाठी ती संधी १८ जूनला संपते. क्वालिटीचा शेरा १४ जूनला आला, म्हणजे हातात चारच दिवस उरले, आणि तेवढ्यात फोन झाला, पत्र गेलं नाही. चाळीस खराब जोड कायद्याच्या नजरेत स्वीकारलेले ठरतात. म्हणून हा चौकोन परचेसच्या पट्ट्यात, नवव्या रकान्यात, या शब्दांत हवा: ‘लेखी हरकत पाठवतं’. खाली छोट्या अक्षरात ‘पोचल्यापासून १५ दिवसांत’. तिथून रेषा वर पुरवठादाराच्या पट्ट्यात जाते आणि मोकळ्या जागेतून डावीकडे वळून ‘माल पाठवतो’ या चौकोनावर वरून उतरते. स्लाइडवर उजवीकडून डावीकडे जाणारा हा एकच बाण. तो जाड आणि रंगीत ठेवावा.

या नाकारलेल्या मालाची छाया पुढच्या चौकोनावरही पडते. जीआरएन २०० जोडांचा होतो, बिल २४० जोडांचं असतं. अकाउंट्समध्ये तीन कागद जुळवायला घेतले की पीओ २४०, जीआरएन २००, बिल २४०. जुळत नाही म्हणून बिल बाजूला पडतं आणि चाळीस जोडांच्या ३४,००० रुपयांपायी पास झालेल्या दोनशे जोडांचे १,७०,००० रुपयेही अडकतात. चित्र काढताना अकाउंट्सला विचारायला हवं: ‘न जुळल्यास तुम्ही काय करता?’ नाकारलेल्या मालाची डेबिट नोट काढून उरलेले पैसे वेळेवर सोडता, की सगळंच थांबवता? उत्तर ‘साहेब सांगतील तसं’ असं आलं, तर ते चौकोनात दडपून लिहू नये. तिथे प्रश्नचिन्ह काढून ठेवावं. बैठकीत आधी त्यावरच बोलणं होतं.

असं चित्र पाहून पहिली सूचना येते ती बाण कमी करण्याची, आणि काही बाण खरोखर कमी होतात. मंजूर वार्षिक बजेटमधल्या नेहमीच्या वस्तूंसाठी बजेटची तपासणी संगणकप्रणालीवर सोडली की इंडेंटला अकाउंट्सकडे फेरी मारावी लागत नाही, ते स्टोअर्सकडून थेट परचेसला जातं. दोन बाणांचा एक होतो. पण बुटांच्या खरेदीतला खरा उपाय उलटा आहे, तिथे एक बाण वाढवावा लागतो. गाडी उतरली त्याच दिवशी गेट रजिस्टरमधली तारीख आणि बिलाची प्रत स्टोअर्सने अकाउंट्सला पाठवायची, तपासणी होवो न होवो. अकाउंट्सने देय दिनांक त्या तारखेवरून मोजायचा. मूळ बिल जीआरएनबरोबर मागाहून येईल, पण घड्याळ योग्य टेबलावर पहिल्या दिवसापासून दिसत राहील. स्लाइडवर हा बाण सहाव्या रकान्यातून सातव्यात, स्टोअर्सकडून वर अकाउंट्सच्या ‘कागद जुळवतं’ या चौकोनापर्यंत तुटक रेषेने काढता येतो.

एका स्लाइडवर काय मावत नाही, तेही ठरवावं लागतं. ब्रेकडाउनच्या रात्री रोखीने आणलेलं बेअरिंग, आगाऊ रक्कम द्यावी लागणारी यंत्रसामग्री, मालच नसलेली सेवा, मध्येच बदललेली पीओ: या सगळ्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. त्यांचे फाटे याच चित्रात काढले तर पंधराचे तीस चौकोन होतात आणि मुख्य वाट हरवते. शीर्षकातच ‘साठ्यातल्या नेहमीच्या वस्तूंची खरेदी’ असं लिहून हद्द आखावी आणि आगाऊ रकमेच्या खरेदीला दुसरी स्लाइड द्यावी. दुसरी मर्यादा अशी की हे चित्र क्रम आणि मालकी दाखवतं, वेळ प्रमाणात दाखवत नाही. दोन तासांची तपासणी आणि अकरा दिवसांची वाट एकाच मापाच्या जागेत बसतात. म्हणून बाणांवर दिवस लिहिल्याशिवाय ही स्लाइड अर्धीच राहते.

बैठकीआधी एक चाचणी उरते. स्लाइडची प्रिंट घेऊन स्टोअर्समध्ये जायचं आणि तिथल्या माणसाला, काहीही न समजावता, त्याच्या पट्ट्यावर बोट फिरवायला सांगायचं. तीन चौकोन आहेत: शिल्लक तपासणं, माल मोजणं, जीआरएन करणं. तो ‘अहो, नाकारलेला माल मीच गाडीत भरून देतो, चलनपण मीच करतो, ते कुठाय यात?’ असं म्हणाला, तर सोळावा चौकोन सापडला. तो त्याच्या पट्ट्यात, त्याच्या शब्दांत जोडायचा. परचेसच्या हरकतीनंतर आणि पुरवठादाराच्या नव्या मालाआधी त्याची जागा आहे, आणि नवव्या रकान्यात स्टोअर्सच्या पट्ट्यात ती रिकामी नाही, तिथून ‘नाही’ची रेषा वर जाते. ती रेषा परचेसकडे आठव्या रकान्याच्या कडेने न्यावी लागते, कनेक्टर पुन्हा चिकटवावे लागतात आणि खालच्या कोपऱ्यातली तारीख बदलावी लागते.